गुहागर: शिवणकामाच्या दुकानाचा व्हॉट्सअ‍ॅप कॅटलॉग केलाय, पण स्वागताचा मेसेज कुणालाच जात नाही

शिवणवेल

नमस्कार मंडळी. माझं गुहागरला लेडीज टेलरिंगचं छोटं दुकान आहे. मी आणि हाताखाली एक मुलगी, दोन मशीन, एक पिको-फॉलचं. गणपतीच्या आधीचा महिना-दीड महिना आमचा खरा हंगाम. मुंबईचे चाकरमानी गावी यायच्या आधी साड्यांचे फोटो पाठवतात, भाव विचारतात, आणि येणाऱ्या कुणाच्या तरी हाती कापड पाठवून देतात. दिवसभर मशीनवर असताना फोन घ्यायला जमत नाही. म्हणून भाच्याच्या मदतीने दुकानाच्या नंबरावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घेतलं.

अडचणी दोन. पहिली, स्वागताचा मेसेज लिहून चालू केला, पण जातच नाही. मिस्टरांच्या फोनवरून पाच-सहा वेळा "हाय" करून पाहिलं, जावेच्या फोनवरूनही पाहिलं. काहीच येत नाही.

दुसरी त्याहून वाईट. कॅटलॉगमध्ये "अस्तर ब्लाऊज 350" असं फोटोसकट टाकलं होतं. डोंबिवलीच्या एका ताईंनी त्यातले तीन ब्लाऊज कार्टमध्ये टाकून पाठवले, खाली एकूण 1050. मला वाटलं कापड येईल. त्यांना वाटलं मी फोटोतले तयार ब्लाऊज कुरियर करणार. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला, "पार्सल कधी निघालं?" त्यांना समजावताना मला अक्षरशः रडू आलं. चूक त्यांची नव्हती. हे कसं नीट करायचं?

घाटमाथा

ताई, मुळात दुकानाला वेगळा नंबर घ्या. घरच्या नंबरावर बिझनेस घेतलं की जुने चॅट सगळे उडतात आणि साधं व्हॉट्सअ‍ॅप बंद पडतं. नवीन सिम टाका, त्यावर परत सगळं करा. मेसेज न जाण्याचं कारणही तेच असेल, नंबर आधी दुसऱ्या अ‍ॅपला जोडलेला होता ना.

पांढरासमुद्र

घाटमाथा, अर्धं बरोबर आहे. एक नंबर एका वेळी एकाच अ‍ॅपवर चालतो, त्यामुळे त्या नंबराचं साधं व्हॉट्सअ‍ॅप बंद होतं, हे खरं. पण चॅट उडत नाहीत. त्याच फोनवर बिझनेस अ‍ॅप टाकून तोच नंबर दिला की ते जुने चॅट इकडे घ्यायचे का म्हणून विचारतं, हो म्हटलं की येतात. आधी बॅकअप घेऊन ठेवावा, एवढंच. दोन सिमच्या फोनवर साधं एका नंबरावर आणि बिझनेस दुसऱ्यावर असं शेजारी-शेजारीही चालतं. आणि मेसेज न जाण्याशी याचा काही संबंध नाही.

शिवणवेलताई, मी रत्नागिरीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो आणि आसपासच्या दुकानदारांना हे लावून देतो. तुमचा मेसेज बिघडलेला नसणार. तुम्ही चुकीच्या माणसांवर तपासताय. स्वागताचा मेसेज फक्त दोन प्रसंगी जातो: समोरच्याने तुम्हाला पहिल्यांदाच मेसेज केला तर, किंवा तुमच्या दोघांत 14 दिवस काहीच बोलणं झालेलं नसताना त्याने मेसेज केला तर. मिस्टरांशी तुमचं रोज बोलणं, जावेशीही. त्यांनी पन्नास वेळा "हाय" केलं तरी जायचा नाही. ज्याने तुमच्या दुकानाला कधीच मेसेज केलेला नाही अशा कुणाच्या फोनवरून करून पाहा. शेजारचा किराणावाला, रिक्षावाले काका, कुणीही.

तपासायच्या आधी दोन गोष्टी बघा. `Business tools` मध्ये `Greeting message` उघडा. तिथे बटण चालू दिसलं तरी खाली `Save` दाबल्याशिवाय ते लागू होत नाही. भाच्याने मजकूर लिहून मागे येताना ते राहिलं असेल. आणि त्याच पानावर `Recipients` म्हणून आहे, तिथे काय निवडलंय ते इथे लिहा.

शिवणवेल

`Save` झालेलं आहे, पाहिलं. `Recipients` मध्ये `Everyone not in address book` आहे. भाचा म्हणाला की घरच्यांना आणि नातेवाइकांना उगाच जायला नको, म्हणून ते ठेवलं. नवीन नंबरावरून अजून पाहिलं नाही. समोर मेडिकलवाला आहे, त्याला सांगते संध्याकाळी.

हापूसवाली_देवगड

माझा पण अनुभव सांगते, आंब्याचा आहे पण उपयोगी पडेल. मीही नातेवाइकांना जाऊ नये म्हणून तेच ठेवलं होतं. मग लक्षात आलं की मी गिऱ्हाईकांचे नंबर सेव्ह करते! "पुणे कोथरूड 2 पेटी", "ठाणे पाटील वहिनी" असे. एप्रिलमध्ये जुनं गिऱ्हाईक "आंबा सुरू झाला का" विचारायचं आणि त्याला काहीच जायचं नाही, कारण ते माझ्या अ‍ॅड्रेस बुकात. ज्यांना भाव आणि पाठवायची तारीख कळायला हवी तेच सगळे वगळले गेले. नवीन माणसाला मात्र छान स्वागत.

पांढरासमुद्र

हापूसवालीताईंनी नेमकं बोट ठेवलं. शिवणवेलताई, तुम्ही गिऱ्हाईकांचे नंबर सेव्ह करता का?

शिवणवेल

सगळ्यांचे. मापाची वही आहे ना, त्यात पानाचा नंबर असतो, तोच फोनमध्ये नावापुढे लिहिते. "सुषमा 112" म्हणजे वहीचं पान 112. म्हणजे डोंबिवली, नालासोपारा, लालबागची माझी सगळी गिऱ्हाईकं यात वगळली गेली?

पांढरासमुद्र

हो. आणि तुमचं गिऱ्हाईक बघा कसं आहे. चाकरमानी गणपतीला मेसेज करणार, मग एकदम शिमग्याला किंवा मे महिन्यात. मधे दोन आठवडे सोडा, चार-चार महिने शांतता. 14 दिवसांची अट तुमच्यासाठी सोयीची आहे, दर खेपेला त्यांना मेसेज नव्याने जाईल. पण ते अ‍ॅड्रेस बुकात असल्यामुळे तुमच्या सध्याच्या सेटिंगमध्ये कधीच जाणार नाही.

तुम्ही `Everyone except…` निवडा आणि त्यात घरचे, सासरचे-माहेरचे, मुलांच्या शाळेतले, डॉक्टर असे हाताने निवडून वगळा. मोजून तीस-चाळीस नंबर असतील. एकदा बसून करायचं काम आहे. पुढे नवा नातेवाईक सेव्ह केला की त्यालाही आठवणीने इथे घालायचं, ते आपोआप होत नाही.

सड्यावरची

हे वगळायचं काम उद्यावर टाकू नका. माझ्या पार्लरच्या नंबरावर `Everyone` ठेवलं होतं. गेल्या पावसाळ्यात माझ्या चुलतमामांच्या मुलाने मामा गेल्याचं कळवलं, आणि माझ्या फोनवरून त्याला लगेच गेलं, "नमस्कार! आमच्या पार्लरमध्ये आपलं मनापासून स्वागत आहे" आणि खाली दोन फुलं. मी त्या वेळी स्वयंपाकघरात होते, फोन तासाभराने पाहिला. त्याला फोन करून माफी मागितली. तो काही बोलला नाही, पण मला अजून ते आठवलं की कसंतरी होतं. तेव्हापासून मजकुरात फुलं, हसरे चेहरे, "मनापासून स्वागत" काही नाही. कुणीतरी राहून गेलंच यादीतून, तरी त्याला वाचताना लागू नये असं साधं लिहिलंय.

शिवणवेल

ताई, वाचून काटा आला. आज रात्रीच यादी करते.

मांडवाकिनारा

हा मेसेज एकदम 500 गिऱ्हाईकांना कसा पाठवायचा? मला दिवाळीच्या ऑफरसाठी पाहिजे. ग्रुप केला तर लोक सोडून जातात.

पांढरासमुद्र

मांडवाकिनारा, तुम्ही म्हणताय ती ब्रॉडकास्ट लिस्ट, हे वेगळं आहे. स्वागताचा मेसेज समोरच्याने आधी लिहिल्यावर जातो, तुम्ही होऊन पाठवायचा नसतो. ब्रॉडकास्टला एका यादीत 256 जणांची मर्यादा आहे आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो पोचतो. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

आता कॅटलॉगकडे. शिवणवेलताई, तुमच्या तीन ब्लाऊजच्या घोटाळ्याचं मूळ मला असं दिसतं. कॅटलॉग तयार माल विकणाऱ्यांसाठी बनवलेला आहे. फोटो, नाव, किंमत, खाली कार्टचं बटण. तुम्ही विकता शिलाई. फोटोतली वस्तू तुमच्याकडे विकायला नाहीच. त्या ताईंनी जे दिसलं त्याचा सरळ अर्थ घेतला. त्यामुळे दोन बदल करा.

एक, कार्टचं बटण बंद करा. `Catalog` उघडून वर कोपऱ्यातल्या तीन टिंबांमध्ये `Settings`, तिथे "Add to Cart" बटण दाखवण्याचं सेटिंग आहे, ते बंद. मग गिऱ्हाईकाला त्या वस्तूखाली मेसेज करायचंच बटण राहतं. ते दाबून लिहिलं की कोणत्या वस्तूबद्दल विचारलंय ते चॅटमध्ये तुम्हाला दिसतं, त्यामुळे "कोणता ब्लाऊज ताई?" हे विचारणं वाचतं.

दोन, नावातच शिलाई लिहा. वर्णनात लिहून भागत नाही, कारण यादी वरवर बघताना माणूस फोटो, नाव आणि आकडा एवढंच बघतो. "अस्तर ब्लाऊज" ऐवजी "शिलाई: अस्तराचा ब्लाऊज, कापड तुमचं".

मालवणी_बाय

माका पण ह्योच त्रास इलो होतो गो. मी शिलाई लिहिलंय आणि फोटो बदललंय. आधी नटून उभ्या असलेल्या बाईचो फोटो होतो, आता टेबलावर घडी घातलेलो ब्लाऊज, बाजूक कात्री आणि टेप. बघणाऱ्याक कळता की हंय शिवतत.

शिवणवेल

बाय, हे फार आवडलं. फोटोचाही एक प्रश्न आहे. मागच्या गळ्याच्या डिझाइनचे चार फोटो टाकले होते, त्यातले दोन लाल खूण येऊन अडकलेत. बाकीचे आले. असं का?

पांढरासमुद्र

कॅटलॉगमधली प्रत्येक गोष्ट दिसण्याआधी तिकडून तपासली जाते. नियमात बसत नाही असं वाटलं की अशी खूण येते आणि गिऱ्हाईकाला ती वस्तू दिसतच नाही. अडकलेले दोन फोटो माणसाने घातलेल्या ब्लाऊजचे आहेत का? उघडी पाठ जास्त दिसत असेल तर तपासणीत ते वेगळ्याच प्रकारात धरलं जातं, असं मी दोन-तीन टेलरांच्या बाबतीत पाहिलंय. वस्तू उघडून पुन्हा तपासायची विनंती करता येते. पण मी म्हणेन वाट बघू नका, तोच ब्लाऊज पुतळ्यावर चढवून नवा फोटो टाका.

शिवणवेल

हो, दोन्ही घातलेल्याच ब्लाऊजचे. आणि खरं सांगायचं तर ते नेटवरून घेतलेले होते, मी शिवलेले नव्हे.

सड्यावरची

मग ते काढाच ताई. गिऱ्हाईक तसाच गळा मागेल, आणि तो आपल्या हातून तसाच उतरेल याची खात्री नाही. दुसऱ्याच्या कामाचा फोटो आपल्या दुकानाच्या नावावर लावणं मला पटतही नाही. तुमच्या हातचे दहाच असले तरी दहाच टाका.

घाटमाथा

पुतळा नसेल तर? आणि किंमत टाकावीच का? माझ्या बायकोचं म्हणणं, भाव लिहिला की पलीकडच्या गल्लीतली टेलर दहा रुपये कमी करते. किंमत रिकामी ठेवता येते ना?

पांढरासमुद्र

येते. किंमतीचा रकाना सक्तीचा नाही. पण भरला तर त्यात एकच आकडा बसतो, "350 पासून पुढे" असं लिहिता येत नाही. ते वर्णनात लिहावं लागतं.

हापूसवाली_देवगड

मी तर म्हणते भाव लिहा. भाव नसला की रोज वीस जण "रेट?" एवढंच लिहितात. त्यातले पंधरा भाव ऐकून गप्प होतात, आणि आपला वेळ गेलेला असतो.

सड्यावरची

आंब्याच्या पेटीचा भाव एक असतो हो. ब्लाऊजला अस्तर, कटोरी, प्रिन्सेस कट, लटकन, बाहीला लेस, गळ्याला पायपिंग, प्रत्येकाने आकडा बदलतो. 350 वाचून आलेल्या बाईला 520 सांगितले की ती म्हणणार फसवलं.

शिवणवेल

मी असं केलंय, बघा पटतंय का. आज दुपारी लाइट गेली होती, मशीन बंद, तेव्हा बसून लिहिलं. आधी बावीस वस्तू टाकल्या होत्या, आता आठच ठेवल्या. साधा ब्लाऊज, अस्तराचा ब्लाऊज, कटोरी, नऊवारी शिवून, पंजाबी ड्रेस, फॉल-पिको, शाळेचा युनिफॉर्म, आणि आल्टर. फॉल-पिको आणि साधा ब्लाऊज यांचा भाव ठरलेला, तो लिहिला. बाकीच्यांचा रकाना रिकामा. अस्तराच्या ब्लाऊजचं वर्णन हे:

"ही फक्त शिलाई आहे, कापड तुमचं. 350 पासून सुरू, त्यात अस्तर आमचं आणि ते पाण्यातून काढून वापरतो. लेस, पायपिंग, लटकन वेगळे. साडीतला ब्लाऊजपीस 80 सेंटीमीटरचा असेल आणि बाह्या लांब हव्या असतील तर आधी विचारा, कापड कमी पडू शकतं. मापासाठी अंगाला बरोबर बसणारा जुना ब्लाऊज पाठवा."

फोटो सगळे माझ्या हातचे. पुतळा नाही, म्हणून हँगरवर लावून दाराशी काढले. आत ट्यूबलाइटखाली काढलेले रंग खोटे दिसत होते, जांभळ्याचा निळा होत होता.

मालवणी_बाय

अस्तर पाण्यातसून काढलंला लिवलंस ता बेस केलंस. नायतर पयल्या धुण्याक अस्तर आटता, ब्लाऊज चुणता, आणि शिव्या आमकाच.

पांढरासमुद्र

वर्णन उत्तम. आता स्वागताचा मजकूर दाखवा. तो बेताचाच ठेवा. गिऱ्हाईकाचा पहिला मेसेज बहुतेक "साडीचा फोटो" किंवा "किती घ्याल" असा असतो. त्यावर तुमच्याकडून आपोआप हा एकच मेसेज जाणार, पुढचं उत्तर तुम्हालाच द्यायचंय. त्यामुळे तुम्ही मशीनवरून उठून फोन हातात घेईपर्यंत समोरच्याने जे लिहून ठेवायला हवं, तेच त्यात विचारा.

शिवणवेल

हा लिहिलाय:

"नमस्कार. शिवणकाम चालू असल्यामुळे दुपारी 1 नंतर आणि रात्री 8 नंतर मेसेज पाहते. तोवर एवढं लिहून ठेवा: काय शिवायचं आहे, कोणत्या तारखेला हवं आहे, कापड कोण आणि कधी आणून देणार. शिलाईचे प्रकार खालच्या लिंकवर आहेत. ऑर्डर कापड हातात आल्यावरच धरली जाते."

शेवटची ओळ डोंबिवलीच्या प्रकरणामुळे घातली. लिंक कोणती द्यायची ते सांगा.

पांढरासमुद्र

शेवटची ओळ ठेवाच. लिंक अशी बनते, पुढे तुमचा दहा आकडी नंबर, मधे जागा न सोडता:

```
https://wa.me/c/91XXXXXXXXXX
```

यावर टिचकी मारली की सरळ कॅटलॉग उघडतो. हीच चाकरमान्यांच्या गावच्या ग्रुपवरही टाकता येईल.

अजून एक, हे गुहागर आहे म्हणून सांगतो. हा मेसेज तुमच्या फोनला नेट असेल तरच जातो. पावसात टॉवर गेला, किंवा फोन आतल्या खोलीत बिनरेंजचा पडला असेल, तर त्या वेळी गिऱ्हाईकाला काहीही जाणार नाही. त्यामुळे "मेसेज गेलाच असेल" असं धरून चालू नका. 1 वाजता चॅट उघडाल तेव्हा तुमच्या बाजूने मजकूर गेलेला दिसतोय का ते बघा. नसेल तर तोच मजकूर `Quick replies` मध्ये साठवून ठेवा, `/` दाबून एक शब्द लिहिला की पूर्ण येतो.

शिवणवेल

चार दिवसांनी लिहितेय, माफ करा, युनिफॉर्मचं काम आलं होतं.

मेडिकलवाल्याच्या फोनवरून "हाय" केलं, लगेच मेसेज गेला! भाच्याला बोलावून दाखवलं. मग एकतीस नंबर वगळले. जावेने आठवण केली म्हणून शाळेच्या बाईंचा आणि देवळाच्या गुरवांचाही घातला.

काल रात्री नालासोपाऱ्याच्या एक वहिनी, मागच्या गणपतीनंतर पहिल्यांदाच. साडीचा फोटो पाठवला, त्यांना मेसेज गेला. आज 1 वाजता उघडलं तर त्यांनी तीन ओळींत लिहून ठेवलं होतं: दोन अस्तराचे, चतुर्थीच्या आदल्या दिवशी हवे, कापड दीर शुक्रवारच्या एसटीने आणतील. मी एवढंच लिहिलं, "पान 87 वर तुमचं माप आहे, तेच धरू का?" त्या म्हणाल्या, "दंडाला अर्धा इंच वाढवा."

लाल खुणेचे दोन्ही फोटो काढून टाकले. डोंबिवलीच्या ताईंनी कापड पाठवते म्हटलंय, अजून आलेलं नाही.

घाटमाथा

छान झालं ताई. पण नऊवारीची किंमत लिहिणार का शेवटी? आमच्याकडे यावर अजून भांडण चालू आहे.

शिवणवेल

नऊवारीचं माझंही ठरत नाहीये. पेशवाई, ब्राह्मणी, लावणीची, प्रत्येकीच्या काष्ट्याला आणि निऱ्यांना वेगळा वेळ लागतो. सध्या रकाना रिकामा ठेवलाय आणि या हंगामात किती जणी भाव विचारतात आणि त्यातल्या किती कापड आणतात ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवतेय. गौरी गेल्या की इथेच सांगते.